पागोळ्यांची वेगळी फाईल

मागच्या महिन्यात आईसोबत जेवायला बसलो होतो आणि समोर टीव्हीवर तिची रोजची मालिका चालू होती. कोकणातलं घर, रात्र, बाहेर धो धो पाऊस, सून खिडकीत उभी राहून रडतेय वगैरे. मी आमटीत भात कालवत होतो, लक्ष नव्हतंच, आणि आई एकदम म्हणाली, "हा कुठला रे बेडूक?" मी मान वर केली. मागे "रिबिट, रिबिट" चालू होतं. आईचं माहेर आंबोलीजवळचं, तिचं सगळं लहानपण बेडकांच्या आवाजात झोपण्यात गेलं, त्यामुळे तिला पटकन खटकलं. मला खरं सांगायचं तर आधी दुसरंच खटकलं होतं. घर कौलारू दाखवलं होतं आणि पाऊस पत्र्यावरचा वाजत होता.

तो बेडूक अमेरिकेतला आहे. पॅसिफिक ट्री फ्रॉग म्हणतात, त्यांच्या पश्चिम किनाऱ्यावर असतो, म्हणजे हॉलिवूडच्या अगदी शेजारी. तिकडच्या लोकांनी बेडूक हवा म्हणून घराजवळचा बेडूक रेकॉर्ड केला, तो सिनेमात वापरला, मग तो साउंड लायब्ररीत गेला, आणि तिथून तो जगभरच्या तळ्यांत, जंगलांत, आणि आता आमच्या सिंधुदुर्गातल्या एका सुनेच्या खिडकीबाहेर येऊन बसला. जगातले बहुतेक बेडूक रिबिट करतच नाहीत. पण हे आईला सांगून काय उपयोग, ती म्हणाली, "मग आपला का नाही लावला?"

तर का नाही लावला. मी स्वतः साउंडमध्येच काम करतो, त्यामुळे हे कसं होतं ते मला नीट माहितीये. रात्रीचे दोन वाजलेत, एपिसोड सकाळी द्यायचाय, एडिटर लायब्ररीत "frog rain night" टाकतो, पहिली पाच सेकंद ऐकतो आणि ओढून टाइमलाइनवर टाकतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्यासमोर जे आलं त्यातलंच त्याने घेतलं. आपला बेडूक त्याच्यासमोर यायचा असेल तर कोणीतरी जाऊन तो रेकॉर्ड केलेला पाहिजे, तो वापरता येईल असा रेकॉर्ड केलेला पाहिजे, आणि तिसरं म्हणजे सापडेल असं नाव देऊन ठेवलेला पाहिजे. या तिसऱ्यावर सगळ्यात जास्त माती होते, पण त्यावर नंतर येतो.

मी दर जूनमध्ये मामाकडे जातो ते यासाठीच. पहिले मोठे पाऊस पडले की निघायचं. मामीला अजूनही या प्रकाराची गंमत वाटते. "पाऊस काय रेकॉर्ड करतंस? आमका त्याच्या आवाजान झोप लागणा नाय," असं म्हणत ती चहा आणून ठेवते, आणि पहिल्यांदा तर तो कप बशीवर खळ्ळकन वाजवत थेट माईकच्या शेजारी ठेवला होता.

पाऊस असा एक आवाज नसतोच, हे तिथे ओटीवर बसलं की कळतं. समोरच्या फणसाच्या पानांवरचा एक, खळ्यात साचलेल्या पाण्यावरचा एक, डोक्यावर कौलांवरचा एक (हा एकदम मऊ, जाड, पत्र्यासारखा ताडताड अजिबात नाही), लांब शेतातून येणारा एक सपाट हिस्स, आणि या सगळ्यांच्या पुढे पागोळ्या. कौलारू घराची ओळख खरं तर पागोळ्यांतच आहे. डोळे मिटून पत्र्याचं घर की कौलाचं हे जर कशावरून ओळखता येत असेल तर त्या सलग ओळीने पडणाऱ्या धारांवरून, कारण कौलांच्या प्रत्येक खोबणीतून वेगळी धार येते आणि प्रत्येकीची लय थोडी वेगळी असते. आता हे सगळं एकत्र रेकॉर्ड केलं तर ऐकायला मस्त वाटतं पण मिक्समध्ये त्याचा उपयोग कमी. सीनमध्ये कॅमेरा घरात गेला की पागोळ्या मागे जायला हव्यात, पाऊस थांबला असं दाखवलं की पाऊस जायला हवा आणि पागोळ्या राहायला हव्यात. एकत्र शिजलेलं वेगळं करता येत नाही. म्हणून थर वेगळे घ्यायचे.

पण भर पावसात पागोळ्या वेगळ्या कशा घेणार? नाहीच घेता येत. पाऊस थांबण्याची वाट बघायची. सर थांबली की छपरावरचं पाणी पुढे बराच वेळ निथळत राहतं, आणि तेवढ्या वेळात मागे पाऊस नसतो. आंबोलीत दोन सरींच्या मधे इतकी मोठी गॅप मिळणं हेच नशीब असतं. त्यामुळे सर चालू असतानाच स्टँड लावून, लेव्हल बघून, रेकॉर्डिंग चालू करून ठेवायचं आणि आपण आत जाऊन गप बसायचं. पाऊस थांबल्यावर उठून बटण दाबायला गेलात तर पहिली, सगळ्यात भरलेली दोन मिनिटं तुमच्या पायांच्या आवाजात जातात.

माईक कुठे लावायचे याचा मी इथे बराच खेळ केलाय. मी दोन कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकणारे, माईक ओआरटीएफ पद्धतीने लावतो, म्हणजे दोन माईकच्या तोंडांमध्ये १७ सेंटीमीटर अंतर आणि दोघांमध्ये ११० अंशांचा कोन. फ्रेंच रेडिओ-टीव्ही संस्थेत ही पद्धत निघाली आणि तिच्याच नावाची ही आद्याक्षरं. अंतर साधारण आपल्या दोन कानांइतकं, त्यामुळे बाजूने येणारा आवाज एका माईकला दुसऱ्यापेक्षा जास्तीत जास्त अर्ध्या मिलिसेकंदाने आधी पोचतो, आणि कोनामुळे तो त्या माईकला जोरातही लागतो. वेळ आणि जोर हे दोन्ही मिळून हेडफोनवर सुद्धा आणि स्पीकरवर सुद्धा जागा नीट उभी राहते. पण या पद्धतीला समोरचा एक ठराविक पट्टाच नीट डावी-उजवीकडे पसरवता येतो, मध्यापासून दोन्हीकडे साधारण ४८ अंश. त्याच्या बाहेरचं सगळं जाऊन एकाच स्पीकरला चिकटतं. आता हिशोब बघा. ओटीवर बाहेर तोंड करून स्टँड ठेवला आणि पागोळ्यांची ओळ दोन मीटरवर असेल, तर त्या पट्ट्यात ओळीचा साधारण साडेचार मीटर तुकडा येतो. मामाच्या घराची दर्शनी बाजू त्याच्या जवळपास दुप्पट आहे, म्हणजे दोन्ही टोकांच्या धारा कडेला गोळा होणार. मग अजून मागे जायचं का? मागे गेलं की ओटीची भिंत जवळ येते, तिच्यावरून परत आलेला आवाज मिसळतो आणि सगळं जरा डब्यातल्यासारखं वाटायला लागतं. पुढे गेलं, एक मीटरवर, तर अगदी समोरच्या दोन धारा ठणठण पुढे येतात आणि बाकीच्या ओळीचं अस्तित्वच उरत नाही. शेवटी दोन मीटरच. टोकांच्या धारा थोड्या कडेला चिकटल्या तरी चालतं, कारण ओळ अखंड आहे असंच ऐकणाऱ्याला वाटतं. आणि ओटीवर असण्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे सामान कोरडं राहतं.

आणि मग बादली.

मामी पागोळ्यांखाली बादली लावते, भांडी घासायला पाणी होतं म्हणून. प्लॅस्टिकची निळी बादली, अर्धी भरलेली, आणि तिच्यात पडणारी एक धार "टुब्ब टुब्ब" असा इतका ठसठशीत ताल धरते की बाकी पन्नास धारा गेल्या खड्ड्यात. अँबियन्सच्या, म्हणजे सीनखाली सतत वाजत राहणाऱ्या आवाजाच्या फाईलमध्ये हीरो नको. एखादा आवाज लक्षात राहिला की संपलं, कारण तीन मिनिटांच्या सीनखाली तो आवाज दर वीस सेकंदांनी आला तर प्रेक्षकाला नकळत मोजायची सवय लागते, आणि फाईल लूप केली तर दुसऱ्या फेरीला तोच टुब्ब त्याच जागी येतो आणि खोटेपणा उघडा पडतो. मी बादली सरकवली. थोड्या वेळाने बघतो तर मामीने परत लावलेली. परत सरकवली. शेवटी तह असा झाला की आधी बादली नसताना माझं रेकॉर्डिंग, मग बादली, आणि बादलीचं वेगळं रेकॉर्डिंग, एकच माईक, अगदी जवळून, हातभर अंतरावर. ती फाईल इफेक्ट म्हणून गेली. तिथे तो टुब्ब हवाच आहे, तिथे तोच हीरो आहे. तोच आवाज एका फाईलमध्ये घाण आणि दुसऱ्या फाईलमध्ये माल, फक्त माईक कुठे होता एवढाच फरक.

पागोळ्यांची अजून एक भानगड आहे. त्या हळूहळू मंदावतात. सर थांबल्यावर आधी सलग धारा असतात, मग त्यांचे थेंब होतात, मग थेंबांत अंतर पडत जातं. म्हणजे फाईलची सुरुवात आणि शेवट जुळतच नाहीत, सगळी अख्खी लूप करायला गेलात तर शेवटच्या एकेक थेंबावरून धाडकन परत धारा सुरू. म्हणून मी ती घरी आल्यावर तीन तुकड्यांत कापतो, जोरात, मध्यम, आणि तुरळक, प्रत्येक तुकडा असा की आतल्या आत वेग फारसा बदलत नाही. मधला तुकडा सगळ्यात जास्त वापरला जातो. तुरळकवाला मला सगळ्यात आवडतो पण तो कोणी मागत नाही.

बेडकांचं प्रकरण वेगळं. त्यांच्याकडे जायला घरामागून शेताच्या बांधावरून उतरावं लागतं आणि जळवा मोज्यांच्या आत शिरतात, त्याला काही इलाज नाही. पहिल्या मोठ्या पावसात मोठे बेडूक, आपले डराँव डराँव वाले, ज्यांचे नर त्या दिवसांत हळदीसारखे पिवळेधमक होतात, ते साचलेल्या पाण्यात जमतात आणि अक्षरशः कान किटतील असा गोंगाट करतात. पण हे सुरुवातीच्या काही रात्रीच. ते हुकलं तर पुढच्या वर्षीच. नंतर लहान बेडकांचं राज्य, झाडाझुडपांवरचे, टिक टिक, ट्रर्र, क्लिक असे, ते पावसाळाभर चालतं. आणि रातकिडे खरे जोरात येतात ते पाऊस ओसरताना. मालिकांमध्ये बारा महिने तेरा काळ एकच रातकिडा वाजत असतो, दिवाळीलाही तोच, मृगालाही तोच. कोकणातल्या माणसाला रात्रीच्या आवाजावरून महिना सांगता येतो, निदान माझ्या मामाला तरी येतो.

तर माईक घेऊन थेट पाण्याच्या काठावर जायचं हा सगळ्यांचा पहिला विचार असतो. तिथे गेलं की एक बेडूक एक मीटरवर असतो आणि दुसरा पलीकडच्या काठाला दहा मीटरवर. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, या हिशोबाने या दोघांत २० डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे एक बेडूक कानात ओरडतोय आणि बाकीची सभा शेजारच्या गावात. आता स्टँड उचलून नऊ मीटर मागे न्या. जवळचा आता दहा मीटरवर, लांबचा एकोणीस मीटरवर, फरक साडेपाच डेसिबलच्या आसपास. अचानक सगळे बेडूक एका जागेत येतात, तळं दिसायला लागतं. बेडूक तेच, माईक तोच, फक्त आपण मागे आलो. याची किंमत अशी की आता सगळंच हळू झालं, त्यामुळे माईकची स्वतःची खरखर कमी असावी लागते. माईकच्या माहितीपत्रात सेल्फ नॉइझ म्हणून एक आकडा असतो. १४ डेसिबल किंवा त्याखाली असेल तर रात्रीच्या कामाला बरा. वीसच्या वर गेला की शांत जागी बेडकांच्या मागे सतत एक बारीक फूऽऽ ऐकू येतं. हल्ली ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर आले आणि लोकांना वाटतं की आता लेव्हलची कटकटच संपली. गेन चुकला तर वाचतो हे खरंय, अचानक जवळ कोणी डराँव केलं तर फाटत नाही हेही खरं, पण माईकच्या आतली खरखर त्याने एका दाण्याने कमी होत नाही आणि माईकच फाटला तर तोही वाचत नाही.

आणि त्या फूऽऽ वरून आठवलं, पावसाळ्यात सह्याद्रीत सगळ्यात जास्त छळतं ते पाणी. प्रत्येक खाचेतून ओढा, प्रत्येक कड्यावरून धबधबा. प्रत्यक्ष उभं असताना कानाला ते सुंदर वाटतं, पण दूरचा धबधबा रेकॉर्डिंगमध्ये हुबेहूब माईकच्या खरखरीसारखा वाजतो. ऐकणाऱ्याला वाटतं माईक स्वस्तातला होता. क्लीनअप करायला गेलात तर बेडकांचे वरचे सूरही त्याच्यासोबत जातात. यावर एकच उपाय, जागा. आपण आणि धबधबा यांच्या मधे काहीतरी आडवं आलं पाहिजे, टेकडाची कुशी, बांध, मामाचा गोठा. आणि मग ओआरटीएफची पाठ त्या ओढ्याकडे करायची. कार्डिऑइड मागचं कमी ऐकतो. दोन्ही माईक तिरके असल्यामुळे बरोब्बर मागून येणारा आवाज पूर्ण जात नाही, पण समोरच्यापेक्षा साधारण ११ डेसिबलने खाली बसतो, आणि तेवढं पुष्कळ होतं. जागा शोधायला मी संध्याकाळी उजेडातच फिरतो, हेडफोन न लावता, नुसता उभा राहून, मान फिरवत. गाववाले बघतात. बघू देत.

झाडाखाली स्टँड कधीच नाही. पाऊस थांबल्यावर तासभर झाडं टिपकत असतात आणि एक थेंब माईकच्या विंडशील्डवर पडला की ढप्प, बंदुकीसारखा. छत्री धरायची नाही, छत्रीच वाजते. मी विंडशील्डच्या वर काथ्याची जाडसर चटई कमानीसारखी वाकवून बांधतो, थेंब त्या धाग्यांत फुटून जिरतो आणि आवाज होत नाही. बाहेरच्या लोकांकडे यासाठी वेगळं मटेरियल मिळतं, पण कोकणात काथ्या असताना ते कशाला मागवायचं. दमटपणाचं मात्र काही खरं नसतं. ओल आत गेली की कंडेन्सर माईक मधेच फट् फट् असं तडतडायला लागतो, आधी एखादा, मग सतत. हा आवाज पावसाच्या थेंबासारखाच असतो त्यामुळे पटकन कळतही नाही. ओळखायचं असं, तडतड फक्त एकाच बाजूला येत असेल, दुसऱ्या चॅनलवर तिचा मागमूसही नसेल, तर तो पाऊस नाही. खऱ्या थेंबाचा थोडा तरी अंश दुसऱ्या माईकला लागतोच. मग माईक काढायचा, सिलिका जेलच्या डब्यात टाकायचा आणि दुसरा लावायचा, दुसरा नसेल तर झोपायला जायचं.

वेळेचं सांगायचं तर रात्रीचे तीन ते साडेचार. त्याच्या आधी घाटात ट्रक असतात, वळणावर हॉर्न मारतात आणि तो हॉर्न दरीत फिरून दोनदा ऐकू येतो. लो कट, म्हणजे खालचे जाडे सूर कापणारा फिल्टर, ८० हर्ट्झला लावला की ट्रकची घरघर बरीच जाते, हॉर्नचं काही होत नाही. पावसाळी रात्री लांबचे आवाज जास्तच जवळ येतात असं वाटतं ते काही भास नसतो. जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असली की वर जाणारा आवाज वाकून परत खाली येतो, त्यामुळे दिवसा न येणारी दोन गावं पलीकडची भजनं रात्री स्पष्ट येतात. साडेचारनंतर कोंबडे, मग पहिला भोंगा, आणि उजाडायच्या आधी शीळकरी कस्तूर सुरू होतो. तो इतका सुरेल की त्याची वेगळी फाईल करावीच लागते, पण तो आला की बेडकांची रात्र संपली, कारण ते शीळ घालणं पहाटेचंच आहे, आणि रात्रीच्या सीनमध्ये ते आलं की आई परत विचारणार.

रेकॉर्डर चालू करून मी तिथून निघून येतो. माणूस जवळ असला की बेडूक गप्प, आणि परत सुरू व्हायला दहा-पंधरा मिनिटं घेतात, त्यातही आधी एक भित्रा ट्रर्र, मग दुसरा, आणि मग सगळे. हेडफोन लावून तिथेच बसून राहायचा मोह होतो पण माझा श्वास, रेनकोटची सरसर, जळू काढताना मारलेला हात, सगळं रेकॉर्ड होतं. तासाभराने परत जायचं. जाताना बोलायचं, सुरुवातीला नाही. म्हणजे जागा, तारीख, वेळ, कुठला माईक डावीकडे (माझ्या डाव्या माईकला लाल चिकटपट्टी आहे), पाऊस कधी थांबला, काय काय ऐकू आलं, हे फाईलच्या शेवटी बोलून ठेवायचं, कारण सुरुवातीला बोललं तर जमलेली सभा मोडते.

आता नावं. हे काम सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं आणि मला स्वतःला, का कोण जाणे, आवडतं. मामाकडे सकाळी घावणे खात लॅपटॉप उघडून बसायचं. रेकॉर्डर देतो ती नावं ZOOM0014.WAV असली, त्यातून सहा महिन्यांनी कोणालाही काही कळत नाही, मलाही नाही. हल्ली बरेच जण युसीएस नावाची पद्धत वापरतात, टिम नीलसन नावाच्या साउंड डिझायनरच्या पुढाकाराने झालेली, फुकट आहे, त्यात प्रत्येक प्रकारच्या आवाजाला एक ठरलेला छोटा कोड असतो, तो पुढे लावायचा, मग आवाजाचं वर्णन, मग आपली आद्याक्षरं, मग कुठल्या संग्रहातला. माझ्या फाईली अशा दिसतात:

```
WATRDrip_Eaves Clay Tile Roof Onto Stone After Rain Medium_ABC_AMBOLI.wav
AMBForst_Night After Rain Frogs Distant No Traffic_ABC_AMBOLI.wav
```

नावात "No Traffic" लिहिणं आधी मला विचित्र वाटायचं, जे नाहीच ते कशाला लिहायचं. पण एडिटर नेमकं तेच शोधत असतो. काय आहे यापेक्षा काय नाहीये, गाडी नाही, कुत्रा नाही, माणूस नाही. आणि नावात मावत नाही ते फाईलच्या आत जातं. ब्रॉडकास्ट वेव्ह फाईलमध्ये वर्णनाची एक जागा असते, २५६ अक्षरांची, त्यात महिना, वेळ, माईकची पद्धत, अंतर, आणि "१२:४० ला लांब कुत्रा" असलं सगळं टाकायचं. मी बेडकाचं शास्त्रीय नाव खात्री असेल तरच लिहितो, पण सोबत bedook आणि bedak हे दोन्ही लिहितो, कारण रात्री दोन वाजता आपला एडिटर यातलं काय टाइप करेल सांगता येत नाही. "spooky", "sad", "romantic" असलं नावात अजिबात नाही. आवाजाला मूड नसतो, तो सीनला असतो, आणि एकदा स्पूकी लिहिलं की ती फाईल आयुष्यभर भुताच्याच सीनमध्ये जाते. नेमकं लोकेशन, जीपीएस वगैरे मी बाहेर देताना काढून टाकतो. आंबोलीतले काही बेडूक जगात फार थोड्या जागी आहेत, आणि त्या जागांवर आधीच रात्री टॉर्च आणि कॅमेरे घेऊन पुष्कळ लोक येतात.

हे सगळं नीट झालं की हातात येते ती एक अतिशय स्वच्छ फाईल. आणि इथेच मला हल्ली जरा अडकल्यासारखं होतं. मालिकेतला तो सीन रात्री नऊचा होता, ताटं अजून मांडलेली होती. माझी फाईल साडेतीनची आहे. कोकणातल्या कुठल्याच घरात रात्री नऊला साडेतीनसारखं ऐकू येत नाही. नऊला मामाकडे शेजारचा टीव्ही असतो, कुकरची शिट्टी, कोणीतरी मोबाईलवर मोठ्यांदा बोलतंय, लाईट गेली तर इन्व्हर्टरची भुणभुण, कोणाची तरी बाईक चढावर फर्स्ट गिअरमध्ये. बेडूक असतातच, पण या सगळ्याच्या मधून. आम्ही सगळे रेकॉर्डवाले पहाटे जाऊन माणसं वजा केलेलं कोकण गोळा करून आणतो आणि ते रात्री नऊच्या सीनला लावतो, आणि ते खरं वाटतं, कारण मालिकांमध्ये कायम तसंच ऐकलेलं असतं. अमेरिकन बेडूक खोटा हे आईला कळलं. साडेतीनची फाईल नऊला लावली तर ते तिलाही कळणार नाही बहुतेक.

म्हणून यंदा मी नऊला पण रेकॉर्ड केलं, ओटीवरून, त्याच जागी, तेच दोन मीटर. ऐकायला जबरदस्त आहे. कुकर, पागोळ्या, मामाचा खोकला, दाराची कडी, लांब बाईक. पण शेजारच्या टीव्हीवर गाणं लागलं होतं आणि ते शब्दांसकट ओळखू येतंय, म्हणजे ती फाईल कोणाच्या प्रोजेक्टमध्ये वापरायची तर त्या गाण्याचे हक्क घ्यायला लागणार, आणि एका अँबियन्ससाठी ते कोणी करत नाही. गाणं संपून जाहिराती लागल्या तेवढी साधारण चार मिनिटं सलग, त्यात टीव्ही नुसता गुणगुणल्यासारखा आहे, शब्द लागत नाहीत, जिंगल आली तिथे मी कापलंय. ती चार मिनिटं वेगळी काढून ठेवलीयेत. वर्णनात लिहिलंय: 9 pm, people, cooking, TV unintelligible, NOT clean. बाकीची फाईल मी डिलीट केलेली नाही, "personal" नावाच्या फोल्डरमध्ये आहे, आणि मामीने ती व्हॉट्सॲपवर मागितलीय.